कृत्तिका किती लांब आहेत?

डिसेंबरात अकोले तालुक्यातल्या कुठल्याही अंगणात रात्री साडेदहाच्या सुमारास उभं राहा आणि मान सरळ वर करा. जवळजवळ डोक्यावर ताऱ्यांचा एक छोटासा झुबका दिसेल. त्या कृत्तिका. कार्तिक महिन्याचं नाव त्यांच्यावरून पडलंय, कारण त्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र त्यांच्या आसपास असतो. आमच्याकडे रात्रीच्या लाईटवर गव्हाला पाणी भरणारी जुनी माणसं कृत्तिका कुठे आल्यात ते बघून किती रात्र उरली ते सांगतात. साध्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, पण प्रत्यक्षात तिथे हजाराच्या वर तारे एकत्र जन्मलेत आणि अजून एकत्र फिरताहेत.

गेल्या हिवाळ्यात तालुक्यातल्या एका शाळेत आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता आणि त्याआधी तासाभराचं प्रेझेंटेशन मी करायचं ठरलं. मी नोकरीने सॉफ्टवेअर इंजिनिअर, आकाश हा छंद. विषय तिथल्या सरांनीच दिला: ताऱ्यांची अंतरं कशी मोजतात. वर एक अटही घातली. "माहिती काय रे, पोरांना मोबाईलवर मिळते. तू प्रश्न घेऊन ये." म्हणून मी स्लाइडवर उत्तरं लिहायच्या ऐवजी प्रश्न लिहिले आणि प्रत्येक पद्धतीखाली एकच ओळ ठेवली: 'इथे आपण काय गृहीत धरलंय?' उदाहरण एकच घ्यायचं ठरवलं, कृत्तिका. कारण या एका झुबक्याच्या अंतरावरून खगोलशास्त्रज्ञांमध्ये जवळजवळ वीस वर्षं वाद चालू होता, आणि तो वाद कुठल्या आकड्यापेक्षा गृहीतकांचाच होता.

पहिला प्रश्न: जागेवरून न हलता लांबचं अंतर मोजता येतं का?

न हलता नाही येत, थोडं हलावं लागतं. हे दुपारी मैदानावरच करून पाहिलं. मैदानाच्या टोकाला विजेचा खांब होता आणि त्याच्या बऱ्याच मागे कळसूबाईची रांग. मुलांनी एका जागेवरून खांब डोंगराच्या कुठल्या खाचेसमोर दिसतो ते पाहून ठेवलं. मग चार मीटर बाजूला सरकून पुन्हा पाहिलं. खांब डोंगरावर साधारण चार बोटं सरकलेला दिसला. हात लांब करून धरला की करंगळीची रुंदी साधारण एक अंश भरते, म्हणजे खांब चार अंश सरकला. लहान कोनांसाठी हिशोब सोपा आहे: आपण जितके मीटर सरकलो त्याला ५७ने गुणायचं आणि अंशांनी भागायचं. चार गुणिले ५७ भागिले चार, म्हणजे ५७ मीटर. टेप लावला तर ५५ भरले. करंगळीने केलेल्या मोजणीला हे चांगलंच म्हणायचं.

मग मी त्यांना तेच पुन्हा करायला सांगितलं, फक्त मागे डोंगराऐवजी देवळाचा कळस धरून. देऊळ त्या जागेपासून साधारण दीडशे मीटरवर. या वेळी खांब कळसाच्या तुलनेत अडीच बोटंच सरकला आणि उत्तर आलं नव्वद मीटर. खांब तोच, माणसं तीच, करंगळीही तीच. फरक इतकाच की आपण बाजूला सरकलो तेव्हा कळससुद्धा थोडा सरकला होता. डोंगर इतका लांब आहे की त्याचं सरकणं जाणवत नाही, कळस तेवढा लांब नाही. म्हणजे या पद्धतीचं गृहीतक असं, की ज्याच्यासमोर आपण मोजतोय ते जवळजवळ अनंत अंतरावर आहे. ते खरं नसेल तर उत्तर नीट, गुळगुळीत आणि चुकीचं येतं. आकड्याकडे बघून तो चुकलाय हे कळत नाही.

ताऱ्यांसाठी आपण चार मीटर नाही, पृथ्वीच्या कक्षेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो. सहा महिन्यांत तीस कोटी किलोमीटर. तरीही तारा जो सरकतो तो कोन फार बारीक असतो. तो मोजायला एका अंशाचे छत्तीसशे भाग केले की एक आर्कसेकंद आणि त्याचे पुन्हा हजार भाग केले की एक मिलिआर्कसेकंद. या सरकण्याला पॅरॅलॅक्स म्हणतात, मराठीत पराशय. त्याचा आकडा सांगताना एकूण सरकण्याच्या निम्मा सांगायची पद्धत आहे. कृत्तिकांचा पॅरॅलॅक्स सात-आठ मिलिआर्कसेकंद आहे. मुलांना हे असं सांगितलं: दहा रुपयांचं नाणं कोणीतरी बेंगळुरूत हातात धरून उभं आहे आणि तुम्ही नगरमधून बघताय. सरळ रेषेत साधारण साडेसातशे किलोमीटर. ते नाणं जेवढं दिसेल, जवळजवळ तेवढा हा कोन.

दुसरा प्रश्न: मग पुस्तकात वेगळा आकडा का?

हा प्रश्न माझ्या स्लाइडवर होताच, पण तो आधी एका मुलीने विचारला. शाळेच्या लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकात कृत्तिकांचं अंतर ३८५ प्रकाशवर्षं दिलंय आणि मी स्क्रीनवर ४४४ लिहिलं होतं. "दादा, तारे मधल्या काळात लांब गेले का?"

तारे गेले नाहीत. तो ३८५चा आकडा एका चांगल्या यंत्राने दिलेला होता. युरोपीय अवकाश संस्थेने १९८९ साली हिपार्कोस नावाचा उपग्रह सोडला. तो ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही, एक मोटर पेटली नाही म्हणून लांबट कक्षेत अडकला. तरीही त्याने लाखाहून जास्त ताऱ्यांचे पॅरॅलॅक्स मोजले आणि १९९७ साली त्याचा कॅटलॉग प्रसिद्ध झाला. त्या वेळी ताऱ्यांच्या अंतराबाबत यापेक्षा मोठं आणि नेमकं काम झालेलं नव्हतं. त्यात कृत्तिकांचा पॅरॅलॅक्स आला सुमारे साडेआठ मिलिआर्कसेकंद, म्हणजे अंतर साधारण ३८५ प्रकाशवर्षं. नंतर त्याच निरीक्षणांवर पुन्हा काम करून आकडा सुधारला गेला, तेव्हा तो ३९२च्या आसपास आला. फार फरक नाही.

पण त्याआधीच्या दुसऱ्या एका पद्धतीने अंतर ४३०-४४० प्रकाशवर्षं येत होतं. कोनाच्या भाषेत हा फरक एक मिलिआर्कसेकंदाचा. बेंगळुरूतल्या त्या नाण्याचा साधारण सातवा हिस्सा. हिपार्कोसने कृत्तिकांसाठी दिलेली चूक-मर्यादा मात्र एक चतुर्थांश मिलिआर्कसेकंदाहूनही कमी होती. म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या दाव्याप्रमाणे एवढी चूक होणं जवळपास अशक्य होतं.

तिसरा प्रश्न: दुसरी पद्धत कशावर उभी होती?

समजा रात्री रस्त्यावर लांबून एका गाडीचा दिवा दिसतोय. दिवा किती वॅटचा आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर तो किती मंद दिसतोय त्यावरून गाडी किती लांब आहे ते काढता येतं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. अडचण इतकीच की ताऱ्यावर वॅट लिहिलेले नसतात.

ते कळायचा मार्ग म्हणजे ताऱ्याचा रंग. आपल्या सूर्यासारखे, मध्यात हायड्रोजन जाळणारे तारे एका शिस्तीत बसतात: निळसर असेल तितका जास्त उजेड, लालसर असेल तितका कमी. जवळच्या ताऱ्यांची अंतरं पॅरॅलॅक्सने माहीत आहेत, त्यामुळे कुठल्या रंगाचा तारा किती उजेड देतो याचा तक्ता बनवता येतो. मग कृत्तिकांमधले तारे घ्यायचे, त्यांचे रंग बघायचे, तक्त्याप्रमाणे ते किती तेजस्वी असायला हवेत ते काढायचं आणि किती मंद दिसतात त्यावरून अंतर ठरवायचं. एक तारा नाही, झुबक्यातले पुष्कळ तारे एकदम तक्त्यावर बसवले जातात.

इथली गृहीतकं वेगळी आहेत. एक, कृत्तिकांमधला पिवळा तारा आणि आपल्या शेजारचा पिवळा तारा सारख्याच मालमसाल्याचे आहेत. हायड्रोजन, हीलियम आणि बाकी मूलद्रव्यांचं प्रमाण बदललं तर त्याच रंगाचा तारा कमी-जास्त उजेड देतो. दोन, मधली धूळ किती उजेड खाते हे आपल्याला माहीत आहे. कृत्तिकांभोवती धूळ आहे हे फोटोत निळ्या धुक्यासारखं दिसतंच. ती साधारण दहा टक्के उजेड खाते आणि तेवढा हिशोब आधीच धरलेला असतो. तीन, ताऱ्यांच्या पोटात काय चालतं याचं आपलं भौतिकशास्त्र बरोबर आहे.

आता हिपार्कोसचं म्हणणं मान्य करून बघा. तारे ४४४ऐवजी ३९२ प्रकाशवर्षांवर आहेत. जवळ असूनही ते तेवढेच मंद दिसतात, म्हणजे मुळातच कमी उजेड देत असणार. किती कमी? ४४४ भागिले ३९२, त्याचा वर्ग, साधारण १.२८. म्हणजे प्रत्येक तारा तक्त्यापेक्षा पाचव्या हिश्श्याहून जास्त मंद. धुळीने हे सुटत नाही, कारण एवढा मोठा फरक पाडायला धुळीचा हिशोब पुरता उलटा करावा लागेल. हीलियमचं प्रमाण बरंच वाढवलं तर सुटतं, पण तेवढं हीलियम कृत्तिकांमध्ये कुठून आलं याला कारण सापडत नाही. असे मूळचेच मंद तारे आपल्या शेजारी आहेत का, तेही शोधून झालं. सापडले नाहीत.

म्हणजे प्रश्न कृत्तिकांपुरता राहिला नव्हता. रंगावरून उजेड ओळखायची ही रीत कित्येक ताराप्रवाहांच्या आणि झुबक्यांच्या अंतरासाठी वापरली जाते, ताऱ्यांची वयंही त्यावरच काढली जातात. हिपार्कोस बरोबर असेल तर ते सगळं पुन्हा तपासावं लागणार होतं. आणि हिपार्कोस चूक असेल, तर लाखभर ताऱ्यांच्या त्या कॅटलॉगमध्ये आणखी कुठे काय बिघडलंय, हा प्रश्न उभा राहणार होता.

चौथा प्रश्न: दोन साक्षीदार वेगळं बोलत असतील तर काय करायचं?

मुलांनी पटकन सांगितलं, "सरासरी काढायची." सरासरी ४१५ प्रकाशवर्षं आली असती आणि ती दोघांनाही मान्य झाली नसती. सरासरी तेव्हा उपयोगाची, जेव्हा दोन्ही मोजण्या योग्य जागेच्या आजूबाजूला इकडे-तिकडे पडताहेत. इथे एकाचं गृहीतक मोडलेलं होतं. त्यामुळे तिसरा साक्षीदार हवा होता आणि तो असा, की ज्याचं गृहीतक पहिल्या दोघांशी वाटून घेतलेलं नाही.

तो कृत्तिकांमध्येच सापडला. अॅटलस नावाचा त्यातला एक ठळक तारा प्रत्यक्षात जोडतारा आहे. दोन तारे एकमेकांभोवती २९१ दिवसांत एक फेरी मारतात आणि त्यांच्या कक्षेचा आकार आकाशात सुमारे तेरा मिलिआर्कसेकंद भरतो. २००४ साली 'नेचर'मध्ये शाओपेई पान, मायकेल शाओ आणि श्रीनिवास कुलकर्णी यांचा निबंध आला. कुलकर्णी म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले आणि पुढे कॅलटेकमध्ये गेलेले खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी दोन-दोन दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून ही कक्षा मोजली.

युक्ती केप्लरची आहे. कक्षा किलोमीटरमध्ये किती मोठी आहे आणि फेरीला किती दिवस लागतात, यावरून दोन्ही ताऱ्यांचं मिळून वस्तुमान निघतं. आपल्याला कक्षा कोनात माहीत आहे. तिचे किलोमीटर करायला अंतर हवं, तेच तर माहीत नाही. म्हणून उलट जायचं. अंतर ४४० प्रकाशवर्षं धरलं तर कक्षा पृथ्वी-सूर्य अंतराच्या पावणेदोन पट होते आणि दोघांचं वस्तुमान सुमारे साडेआठ सूर्यांइतकं येतं. ३९२ धरलं तर तेच वस्तुमान साधारण सहा सूर्यांवर येतं. इतक्या तेजस्वी, निळ्या-पांढऱ्या ताऱ्यांसाठी सहा फारच कमी पडतं. त्यांचं उत्तर आलं १३३ ते १३७ पार्सेक, म्हणजे ४३४ ते ४४७ प्रकाशवर्षं.

यात गृहीतक नाही असं नाही. ताऱ्यांचं वस्तुमान किती असावं याचा अंदाज इथे ताऱ्यांच्या तेजावरूनच येतो. पण केप्लरच्या नियमात एक सोय आहे: अंतर वस्तुमानाच्या घनमुळाप्रमाणे बदलतं. वस्तुमानाचा अंदाज दहा टक्के चुकला तरी अंतर तीनच टक्के चुकतं. दोन्ही दाव्यांमधला फरक तेरा टक्क्यांचा होता. म्हणजे या साक्षीदाराच्या डोळ्यांत थोडा दोष असला तरी त्याला दोघांतला फरक नीट दिसत होता.

मग २०१४ साली रेडिओ दुर्बिणींनी निकाल आणखी पक्का केला. हजारो किलोमीटर दूर असलेल्या अँटेना एकत्र वापरून कृत्तिकांमधल्या काही ताऱ्यांचा पॅरॅलॅक्स मोजला, आणि तो मोजला क्वेसारांसमोर. क्वेसार म्हणजे अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांची धगधगती केंद्रं. आमच्या मैदानावर जे काम कळसूबाईने केलं ते इथे क्वेसारांनी केलं, आणि सरकणं न जाणवण्याइतका लांबचा डोंगर यापेक्षा चांगला मिळणार नाही. उत्तर आलं १३६ पार्सेक, ४४४ प्रकाशवर्षं. पुढे २०१८ साली गाया या युरोपीय उपग्रहाच्या दुसऱ्या कॅटलॉगमधून कृत्तिकांच्या शेकडो ताऱ्यांचे पॅरॅलॅक्स मिळाले. तेही १३६च्याच आसपास.

पाचवा प्रश्न: मग हिपार्कोसचं बिघडलं कुठे?

हिपार्कोसने कृत्तिकांमधले पन्नासेक तारे मोजले होते. एका ताऱ्याच्या मोजणीत चूक बरीच असते, पण पन्नासांची सरासरी घेतली की ती सातपट कमी होते. एवढी छोटी चूक-मर्यादा तिथूनच आली होती. मात्र या हिशोबाला एक अट आहे: पन्नास चुका एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. कृत्तिकांचे तारे आकाशात अगदी खेटून आहेत, त्यामुळे उपग्रहाने ते बहुतेक वेळा एकाच फेरीत, एकापाठोपाठ पाहिले. त्या फेरीत उपग्रहाची दिशा किंचित चुकीची धरली गेली असेल तर ती चूक सगळ्यांना एकाच बाजूला ढकलणार. सगळ्यात जास्त संशय याच दुव्यावर घेतला गेला, तरी नेमकं कारण निर्विवादपणे सिद्ध झालेलं नाही.

वर्गात हे पटकन कळलं. पन्नास मुलांनी गणित स्वतंत्रपणे सोडवलं आणि सगळ्यांचं उत्तर ३८५ आलं, तर ते बरोबर असण्याची शक्यता मोठी. पन्नासही जणांनी एकाच वहीतून उतरवलं असेल, तर ती पन्नास उत्तरं नाहीत, एकच आहे. माझ्या कामात हे रोज दिसतं. शंभर टेस्ट पास होतात, पण सगळ्या एकाच खोट्या डेटाबेसवर चालत असतील तर शंभर हिरव्या टिकांची किंमत एकीइतकीच.

चूक-मर्यादा म्हणून जो 'अधिक-उणे' लिहिलेला असतो तो गृहीतक खरं धरून काढलेला असतो. गृहीतक मोडलं तर किती फरक पडेल हे त्यात नसतं. ते फक्त दुसऱ्या वाटेने जाऊन कळतं.

पुस्तकवाल्या मुलीचा त्यावर पुढचा प्रश्न होता, आणि तो माझ्या स्लाइडवर नव्हता. "मग गाया चुकला तर कसं कळणार?"

याला खरंखुरं उत्तर आहे आणि ते गायाच्या लोकांनीच देऊन ठेवलंय. गायाला क्वेसारही दिसत होते. ते इतके लांब आहेत की त्यांचा पॅरॅलॅक्स शून्य यायला हवा. गायाने लाखो क्वेसारांचा पॅरॅलॅक्स मोजला आणि सरासरी शून्य आली नाही, शून्याच्या खाली साधारण मिलिआर्कसेकंदाचा पन्नासावा भाग आली. म्हणजे उपग्रहाची मोजपट्टी शून्यावरून सुरू होत नाही, थोडी सरकलेली आहे. शिवाय ते सरकणं ताऱ्याच्या तेजावर, रंगावर आणि आकाशातल्या जागेवर अवलंबून बदलतं, म्हणून सगळ्यांना एकच आकडा मिळवून भागत नाही.

कृत्तिकांना याचा काही फरक पडत नाही. सात-साडेसात मिलिआर्कसेकंदांत पन्नासावा भाग म्हणजे हजारात तीन. पण सोळा हजार प्रकाशवर्षांवरचा तारा घेतला तर त्याचा सगळा पॅरॅलॅक्सच मिलिआर्कसेकंदाचा पाचवा भाग असतो आणि तीच छोटी चूक दहा टक्के होते. तिथे हिशोबात ही दुरुस्ती केली आहे का, हे विचारल्याशिवाय अंतर वापरायचं नसतं.

तिने वहीत ४४४ लिहिलं, त्याच्यापुढे कंसात 'क्वेसार' लिहिलं आणि विचारलं, "आणि क्वेसार लांब आहेत हे कशावरून?" तोपर्यंत बाहेर अंधार पडला होता आणि कृत्तिका पूर्वेला शाळेच्या छपराच्या वर आल्या होत्या. त्या प्रश्नाला आणखी एक तास लागणार होता. सरांनी पुढच्या महिन्याची तारीख तिथेच ठरवली.